एम-थ्रीचं एलडीई युनिट एका आठवड्यात: रोजच्या अडीच तासांचा प्लॅन

प्रश्न: मॅडम, मी सेकंड इयर मेकॅनिकलला आहे, पुढच्या सोमवारी एम-थ्रीची इनसेम आहे. एका तासात दोन युनिट सोडवायची असतात. एलडीई लेक्चरला कळलं होतं पण स्वतः करायला बसलो की पीआयपाशी अडकतो, कुठली मेथड लावायची तेच सुचत नाही. प्रॅक्टिकल वगैरे धरून रोज अडीच तास मिळतात. आठवडाभर कसं बसू?

उत्तर:

अडीच तास पुरतात, फक्त ते पुस्तकाच्या क्रमाने वाटू नकोस. पुस्तकात प्रत्येक मेथडच्या हेडिंगखाली त्याच मेथडची दहा गणितं असतात, त्यामुळे तू गणित उघडतोस तेव्हा मेथड कुठली हे तुला आधीच सांगून झालेलं असतं, तू फक्त पुढचं कॅल्क्युलेशन करतोस आणि वाटतं की जमलं. पेपरात हेडिंग नसतं, नुसतं समीकरण असतं. तू जिथे अडकतोस ती जागा नेमकी हीच आहे आणि मी 16 वर्षं हा पेपर शिकवतेय, तपासतेय, बहुतेक पोरं इथेच अडकतात. म्हणून हा आठवडा मेथड ओळखण्याभोवती बांधायचा. सोमवारी सीएफ, मंगळवार-बुधवार पीआय, गुरुवारी व्हेरिएशन ऑफ पॅरामीटर्स आणि चिठ्ठ्या (त्या काय ते सांगते), शुक्रवारी कॉशी-लेजेंडर, शनिवारी सायमल्टेनियस, रविवारी जुने पेपर. आणि मंगळवारपासून रोज बसल्या बसल्या पहिली 20 मिनिटं आधीच्या दिवसांतली दोन गणितं, वही न उघडता, कोऱ्या कागदावर. ही 20 मिनिटं कुठल्याही दिवशी सोडायची नाहीत, नवीन काही राहिलं तरी चालेल.

सोमवारी फक्त सीएफ. 15 समीकरणं घे आणि उजवीकडे काय लिहिलंय ते बघूच नको, ऑक्झिलरी इक्वेशन लिही, रूट्स काढ, सीएफ लिही, पुढचं. सोपं वाटेल पण इथे चुकलं की पुढचं सगळंच गेलं. क्यूबिक आलं तर आधी 1, -1, 2, -2 टाकून बघायचं, एक रूट सापडला की सिंथेटिक डिव्हिजन. D⁴ + 4 = 0 सारखं आलं की पोरं D² = ±2i लिहून थांबतात, तिथे 4D² मिळवायचं आणि वजा करायचं, म्हणजे (D² + 2)² - (2D)² होतं, त्याचे दोन फॅक्टर पडतात आणि रूट्स 1 ± i आणि -1 ± i असे सरळ मिळतात. रिपीटेड कॉम्प्लेक्स रूट्सची दोन गणितं मुद्दाम कर, (D² + 4)² ला (c₁ + c₂x)cos 2x + (c₃ + c₄x)sin 2x, कारण यात सेकंड ब्रॅकेट लिहायला विसरतात. चेक एकच आहे, जितकी ऑर्डर तितके कॉन्स्टंट्स, मोजायचे. हे दीड तासात होईल, उरलेल्या तासात सगळी रूल्स एका पानावर स्वतःच्या हाताने लिही, पुढे त्याच पानावर भर घालायचीय.

आता मंगळवार आणि बुधवार, खरा जीव इथे आहे. मंगळवारी e^(ax) आणि sin/cos हे दोनच टाइप. e^(ax) ला D च्या जागी a टाकायचा हे सगळ्यांना येतं, झीरो आला की बाहेर x आणि डिनॉमिनेटर डिफरन्शिएट, हेही पाठ असतं. sin ax ला D² च्या जागी -a² टाकायचं, आणि इथे पहिली मोठी चूक होते की -a² हे D² च्या जागी टाकायचं असतं, D च्या जागी नाही. म्हणजे 1/(D² + 3D + 2) sin 2x मध्ये D² = -4 टाकलं की खाली 3D - 2 उरतं, D तसाच राहतो, मग वर-खाली (3D + 2) ने गुणायचं, खाली 9D² - 4 येतं आणि आता परत D² = -4 टाकून -40 मिळतं. वरचा 3D + 2 मग sin 2x वर चालवायचा, म्हणजे 6cos 2x + 2sin 2x, भागिले -40. या प्रकारची चार तरी गणितं कर, हात बसेपर्यंत.

तू मेकॅनिकलचा आहेस म्हणून एक गोष्ट सांगते, ती कळली की फेल्युअर केस पाठ करावी लागत नाही. (D² + 4)y = sin 2x यात सीएफ म्हणजे स्प्रिंगला सोडून दिली तर ती स्वतःहून जशी हलेल ते, आणि उजवीकडे आपण तिला बाहेरून ज्या तालात ढकलतोय ते. दोन्हीचा ताल एकच आहे, 2. म्हणून पीआय येतो -(x/4) cos 2x, आणि तो पुढचा x म्हणजे झोका दरवेळी वाढत जाणार, हाच रेझोनन्स. उजवीकडचं फंक्शन आधीच सीएफमध्ये बसलेलं असलं की x बाहेर येतो, डबल रूट असेल तर x². म्हणूनच सांगते की सीएफ आधी लिहून घ्यायचा आणि मग उजवीकडे बघायचं, फेल होणार की नाही हे पीआय सुरू करायच्या आधीच दिसतं.

बुधवारी पॉलिनॉमियल आणि गुणाकारवाले, म्हणजे e^(ax) गुणिले काहीतरी. पॉलिनॉमियलला एकच लक्षात ठेव, डिनॉमिनेटरमधून सगळ्यात छोटी घात बाहेर काढायची आणि आत 1 अधिक काहीतरी असं करून मग बायनॉमियलने उलगडायचं. 1/(D² + 2D) x असेल तर 2D बाहेर, आत (1 + D/2)⁻¹, तो x वर चालवला की x - 1/2, आणि मग बाहेरच्या 1/(2D) साठी इंटिग्रेट करून निम्मं, उत्तर x²/4 - x/4.

आणि आता एक गणित पूर्ण करून दाखवते, बुधवारी हे स्वतः परत कर:

(D² - 4D + 4)y = x e^(2x) + sin 2x

सीएफ आधी, रूट्स 2, 2, म्हणजे (c₁ + c₂x)e^(2x). उजवीकडे दोन तुकडे आहेत, दोघांना वेगवेगळं घ्यायचं. पहिला x e^(2x), हा गुणाकार आहे, त्यामुळे काहीही करायच्या आधी e^(2x) डावीकडे बाहेर आणि D च्या जागी D + 2. खाली (D + 2)² - 4(D + 2) + 4 होतं, ते सोडवलं की फक्त D² उरतं. म्हणजे x ला दोनदा इंटिग्रेट करायचं, x³/6. पहिला पीआय x³e^(2x)/6.

इथली नेहमीची चूक बघ. पोरगं e^(2x) बघतं आणि सरळ D = 2 टाकतं, झीरो येतो, फेल्युअर केस म्हणतं, दोनदा x बाहेर काढतं आणि x²/2 लिहितं, मग राहिलेला x पुढे चिकटवून x³e^(2x)/2 असं उत्तर देतं. दिसायला अगदी बरोबर, x³ सुद्धा आला, पण उत्तर तिप्पट आहे. कारण D हा त्या x वरही चालतो, x ला नुसता आकडा समजून बाजूला ठेवता येत नाही. मागे एका बॅचमध्ये एका मुलीचे सलग तीन टेस्टमध्ये याच जागी मार्क गेले, तिला वाटत होतं कॅल्क्युलेशन चुकतंय, म्हणून ती कॅल्क्युलेशनच परत परत तपासायची आणि ते दरवेळी बरोबरच निघायचं. चूक पहिल्या ओळीत होती. शेवटी तिला एवढंच सांगितलं की e^(ax) च्या शेजारी x चं दुसरं काहीही दिसलं, x, x², sin, cos, log, काहीही, की पेन आधी शिफ्टसाठी चालवायचं. पुढच्या टेस्टला तिचं ते गणित पूर्ण आलं.

दुसरा तुकडा sin 2x, D² = -4 टाकलं की -4 आणि +4 जातात, खाली फक्त -4D. 1/D म्हणजे इंटिग्रेट, sin 2x चं -cos 2x/2, त्याला -4 ने भागलं की cos 2x/8. हे बरोबर आहे का ते अर्ध्या मिनिटात कळतं, y = cos 2x/8 घे, y' = -sin 2x/4, y'' = -cos 2x/2, आता y'' - 4y' + 4y केलं की cos जातात आणि sin 2x उरतं. हा चेक या आठवड्यात प्रत्येक पीआयला करायचा, उत्तराचं पान उलटून बघायचं नाही. उत्तर बघितलं की फक्त चूक आहे एवढं कळतं, परत टाकून बघितलं की कितीने चुकलं ते दिसतं, आणि तिप्पट आलं, साइन उलटी आली, यावरून कुठे चुकलं ते सापडतं.

बुधवारी शेवटची 20 मिनिटं वेष बदलून आलेली फंक्शन्स बघून घे. sin²x असं दिसलं तर ते (1 - cos 2x)/2 करून घ्यायचं आणि त्यातला 1/2 हा e^(0x) समजून D = 0 टाकायचा. cosh असेल तर दोन e मध्ये फोडायचं, 2^x आलं तर ते e^(x log 2), म्हणजे D = log 2. ही गणितं अवघड नसतात, बघून दचकायला होतं एवढंच, एकदा हाताखालून गेली की झालं.

गुरुवारी पहिला सव्वा तास व्हेरिएशन ऑफ पॅरामीटर्स. ही मेथड कधी, तर उजवीकडे tan, sec, cosec, 1/(1 + e^x) असलं काही असेल की जिथे वरची एकही शॉर्ट मेथड लागत नाही. फॉर्म्युला छोटा आहे, y₁, y₂ सीएफमधून, W रॉन्स्कियन, u = -∫ y₂X/W, v = ∫ y₁X/W, पीआय = u y₁ + v y₂. मायनस u ला असतो. इथे एक गोष्ट बघितलीय की शिकवताना बहुतेक वेळा D² + 1 वालीच उदाहरणं घेतात, त्यात W एक येतो, त्यामुळे W ने भागायचं असतं ही सवयच लागत नाही. म्हणून तू मुद्दाम (D² + 4)y = sec 2x कर. y₁ = cos 2x, y₂ = sin 2x, W = 2. u मध्ये -½∫tan 2x, म्हणजे ¼ log cos 2x, आणि v मध्ये ½∫1 dx, म्हणजे x/2. पीआय ¼ cos 2x · log cos 2x + (x/2) sin 2x. W विसरलास तर बरोबर दुप्पट येईल, मुद्दाम तसंही करून बघ म्हणजे डोक्यात बसेल. आणि D² चा कोएफिशंट 1 नसेल तर आधी सगळं समीकरण त्याने भागून घ्यायचं, नाहीतर X चुकीचा जातो.

मग चिठ्ठ्या. जुन्या पेपरांतून आणि वहीतून 24 समीकरणं काढ, एकेका कागदाच्या तुकड्यावर एक, डावी-उजवी दोन्ही बाजू लिहायच्या कारण फेल होणार की नाही ते डावीकडे बघूनच कळतं. वाटीत टाक, हलव, एक उचल आणि 20 सेकंदांत मोठ्याने बोल: सीएफ काय, कुठली मेथड, फेल होणार का. सोडवायचं नाही, फक्त बोलायचं. जी चुकली किंवा जिथे अडखळलास ती वेगळ्या ढिगात. पहिल्या दिवशी आठ-नऊ त्या ढिगात गेल्या तरी काळजी नाही, त्यातल्या फक्त तीन पूर्ण सोडव. शुक्रवार, शनिवार, रविवार रोज हेच 10 मिनिटं, नवीन शिकलेल्या टाइपच्या चार-चार चिठ्ठ्या वाढवत जा. रूममेट असेल तर त्याला चिठ्ठ्या उचलायला लाव, समोर कोणी असलं की मनातल्या मनात ‘हे येतं’ म्हणून पुढे जाता येत नाही, बोलावंच लागतं.

शुक्रवारी कॉशी आणि लेजेंडर. यात नवीन शिकण्यासारखं थोडंच आहे, x = e^z टाकलं की xy' चं Dy होतं आणि x²y'' चं D(D - 1)y, आता D म्हणजे d/dz, आणि पुढे सगळं सोमवार ते बुधवारचंच. म्हणून तर हे शुक्रवारी ठेवलंय, आधी केलं असतंस तर पीआयलाच अडकला असतास. चुका दोन. लेजेंडरमध्ये (2x + 3)²y'' चं 4D(D - 1)y होतं आणि (2x + 3)y' चं 2Dy, हे 4 आणि 2 विसरतात. दुसरी म्हणजे उजवीकडचा x तसाच ठेवतात, तो पण z मध्ये न्यायला हवा, x = (e^z - 3)/2. आणि शेवटी उत्तर परत x मध्ये आणायचं, e^z च्या जागी 2x + 3 आणि z च्या जागी log(2x + 3). पाच गणितं पुरे, दोन कॉशी तीन लेजेंडर.

शनिवारी सायमल्टेनियस. Dx - y = e^t आणि Dy + x = sin t असं काही दिलं असतं, एक व्हेरिएबल काढून टाकून x मिळवायचा. x मिळाल्यावर y साठी परत नवीन डिफरन्शियल इक्वेशन सोडवू नको, त्यात नवीन दोन कॉन्स्टंट येतात आणि उत्तर चुकतं. पहिल्याच समीकरणात बघ, y = Dx - e^t, x डिफरन्शिएट करून टाकला की y मिळाला, कॉन्स्टंट दोनच राहिले. सिमेट्रिकवाल्याला, dx/P = dy/Q = dz/R, आधी अशी जोडी शोध की जिच्यात तिसरा व्हेरिएबल नाही किंवा कटून जातो, ती इंटिग्रेट केली की एक सोल्यूशन, मग मल्टिप्लायर्स: 1, 1, 1 किंवा x, y, z किंवा 1/x, 1/y, 1/z लावून खालची बेरीज झीरो येते का बघ. याच्यावर एका तासापेक्षा जास्त देऊ नकोस. आठवड्यात मध्येच ताप आला, सबमिशन आलं आणि एक दिवस गेला, तर माझ्या मते सोडायचं झालं तर हेच सोड, कारण बाकीच्या कुठल्याच गणिताला याचा उपयोग होत नाही, उलट पीआय सोडलास तर कॉशीही जातो आणि सायमल्टेनियसही.

रविवारी सकाळी आणि संध्याकाळी एकेक जुना पेपर, एलडीईचा भाग अर्ध्या तासात, मोबाइल दुसऱ्या खोलीत. एक तास दोन युनिटना असतो म्हणजे तुला या युनिटला अर्धाच तास आहे, तीन गणितं धरली तर एकाला 10 मिनिटं. 10 मिनिटं झाली की थांबायचं आणि पुढच्यावर जायचं, अर्धवट राहिलं तरी. सवय नसते म्हणून पोरं पहिल्याच गणितात 18 मिनिटं घालवतात. पेपर झाला की लाल पेनाने प्रत्येक चुकीच्या शेजारी एकच शब्द लिही, मेथड, साइन, इंटिग्रेशन, कॉपी (म्हणजे प्रश्न उतरवताना चूक). सकाळच्या पेपरात ‘मेथड’ जास्त आले तर दुपारी चिठ्ठ्या, ‘इंटिग्रेशन’ आले तर ∫x² sin x, ∫e^x cos x, ∫sec x, ∫tan x ही चार-पाच परत कर, कारण तेव्हा प्रॉब्लेम एलडीईचा नसतो, बारावीच्या इंटिग्रेशनचा असतो आणि एलडीईची कितीही गणितं केली तरी तो सुटत नाही.

रविवारी रात्री ते सोमवारपासून भरत आलेलं एक पान वाच आणि चुकलेल्या ढिगातल्या चिठ्ठ्या एकदा बोलून टाक, नवीन गणित उघडू नको. आणि सोमवारी पेपर हातात आला की जी गणितं करणार आहेस त्यांचे सीएफ आधी लिहून टाक, तिन्हीचे मिळून चार-पाच मिनिटं लागतात. सीएफचे स्टेपमार्क पदरात पडतात आणि कुठे फेल होणार तेही दिसतं, मग ज्याचा पीआय बघताक्षणी ओळखू आला त्यापासून सुरू कर.